आमंत्रणात ‘स्मार्ट कॅज्युअल’ लिहिलंय आणि कपाटात फक्त फॉर्मल आणि खेळाचे कपडे आहेत, तर

कपाटाच्या एका बाजूला सूट, पांढरे शर्ट, काळे लेसचे बूट. दुसऱ्या बाजूला ट्रॅक पँट, ड्राय-फिट टी-शर्ट, रनिंग शूज. बऱ्याच पुरुषांचं कपाट असंच असतं, कारण दिवस कामात जातो आणि उरलेला वेळ व्यायामात. मग एखाद्या आमंत्रणावर ‘स्मार्ट कॅज्युअल’ हे दोन शब्द येतात आणि माणूस साहजिकच दोन्ही बाजूंचं थोडं थोडं उचलतो. सुटाच्या पँटवर टी-शर्ट, किंवा फॉर्मल शर्टाखाली रनिंग शूज. नेमकं इथेच चुकतं. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे अर्धं हे आणि अर्धं ते नव्हे. त्या दोन टोकांच्या मधे कपड्यांची एक वेगळी जात आहे, आणि ती ओळखायची खूण कापडात आहे.

आधी कापड बघायला शिका

तुमच्या सुटाची पँट घ्या आणि दिवसा खिडकीजवळ आडव्या उजेडात धरा. कापड गुळगुळीत दिसेल, वीण जवळजवळ दिसणारच नाही, आणि घडीच्या कडेवर मंद चकाकी असेल. आता ड्राय-फिट टी-शर्ट तसाच धरा. त्यालाही चकाकी आहे, फक्त ती पॉलिस्टरची आहे. म्हणजे दोन्ही टोकांचे कपडे उजेड परत फेकतात. मधल्या जातीचं कापड उजेड पिऊन घेतं. ते मॅट असतं, त्याला पोत असतो, आणि जवळून पाहिलं की वीण डोळ्यांना दिसते. ऑक्सफर्ड कापडाच्या शर्टात बारीक चौकड्यांसारखे ठिपके दिसतात, चिनोच्या पँटवर तिरप्या रेघा दिसतात, स्वेड चामड्याच्या बुटावर हात फिरवला की लव जाणवते.

ही एक कसोटी हाताशी असली की निम्मे निर्णय आपोआप होतात. शंका आली तर अंधाऱ्या खोलीत कपडे घालून फ्लॅश लावून फोटो काढा. जे कापड फोटोत चमकतं ते त्या संध्याकाळी बाजूला ठेवलेलं बरं.

कपाटातलं काय चालेल

शर्टापासून सुरुवात करू, कारण तो बहुधा विकत घ्यावा लागत नाही. फिकट निळा किंवा बारीक रेघांचा सुती फॉर्मल शर्ट चालतो. कडक चकचकीत पांढरा शर्ट टायशिवाय अपुरा वाटतो, आणि कफलिंक लागणारा तर अजिबात नको. फॉर्मल शर्टाची खरी अडचण कॉलरची असते. ती टायच्या गाठीवर टेकण्यासाठी बेतलेली असते, त्यामुळे टाय काढला की दोन्ही टोकं बाजूला आडवी पडतात. म्हणून वरचं एकच बटण उघडा. दुसरंही उघडलंत की कॉलर पार कोसळते. टोकांना बटणं असलेला शर्ट तुमच्याकडे असेल तर तोच निवडा, कारण ती कॉलर टायशिवायही जागेवर राहते.

शर्ट खोचायचा की बाहेर सोडायचा, हे खालची कड सांगते. फॉर्मल शर्टाची कड मागे-पुढे लांब आणि बाजूला वर चढलेली असते, म्हणजे तो खोचण्यासाठीच शिवलेला आहे. सरळ कडेचा शर्ट पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत येत असेल तर बाहेर सोडता येतो. त्याहून खाली गेला की पाय आखूड दिसतात.

खेळाच्या बाजूने एकच वस्तू या बाजूला येऊ शकते, ती म्हणजे कॉलरचा पोलो टी-शर्ट. त्याचा जन्मच मैदानावरचा आहे. १९२० च्या दशकापर्यंत टेनिसपटू लांब बाह्यांचे पांढरे शर्ट घालून खेळत. फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्तने १९२६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत आखूड बाह्यांचा, पिके विणीच्या सुती कापडाचा शर्ट घातला, आणि पुढे तोच मैदानाबाहेर आला. पिके म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी छोटी छोटी घरं दिसणारी वीण. तुमच्या पोलोवर ती दिसत असेल, रंग गडद असेल आणि छातीवर मोठं नाव नसेल, तर तो चालेल. पॉलिस्टरचा असेल तर मात्र नको, कॉलर असली तरी.

आता सुटाचा कोट. बहुतेकांना वाटतं की तो जीन्सवर घातला की झाला ब्लेझर. तसं होत नाही, कारण तो आपल्या पँटशी जोडीने राहण्यासाठी शिवलेला असतो. खांद्यात भरणी, गुळगुळीत कापड, चपटे खिसे. एकटा घातला की बघणाऱ्याला त्याची पँट कुठे गेली असं वाटतं. शिवाय कोट वेगळा वापरला की त्याचा रंग पँटपेक्षा वेगळा उतरतो आणि पुढे सूट जुळत नाही. त्याला अपवाद आहे: तुमचा कोट गडद निळा असेल, कापडाची वीण ठसठशीत दिसत असेल आणि खिसे वरून शिवलेले असतील, तर तो ब्लेझर म्हणून खपतो.

सुटाची पँट आणि रनिंग शूज, या दोन वस्तूंना मात्र पर्याय घ्यावाच लागतो. माझ्या मते खर्च करायचा तर तो इथेच.

पहिली खरेदी: चिनो पँट

चिनो म्हणजे तिरप्या विणीच्या सुती कापडाची, तिरके खिसे असलेली, समोर इस्त्रीची घडी नसलेली पँट. पहिलीच घेत असाल तर गडद निळी घ्या. खाकी छान दिसते, पण ती दिवसाची पँट आहे. संध्याकाळी गडद रंग अधिक शोभतो. दोनेक टक्के ताणणारा धागा असला तर बसायला बरं पडतं, त्याहून जास्त असेल तर कापड खेळाच्या पँटसारखं अंगाला चिकटतं.

मापाच्या दोन गोष्टी पक्क्या बघा. पट्ट्याशिवाय पँट कमरेवर थांबली पाहिजे. आणि उभं राहून मांडीवरचं कापड चिमटीत धरलं की दोन-तीन सेंटिमीटर हातात यावं. चिमटच बसत नसेल तर घट्ट आहे, मूठभर येत असेल तर ढगळ. लांबी बुटाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकेल एवढीच ठेवा. फॉर्मल पँटसारखी घोट्यावर चुणी पडायला नको. लांबी कमी करायची असेल तर पँट आधी एकदा धुऊन घ्या आणि मगच शिंप्याकडे द्या, कारण सुती कापड आटतं. इस्त्री करताना पुढे घडी पाडू नका. ती रेघ पडली की चिनो लगेच ऑफिसची पँट दिसते.

गडद, कुठेही न फाटलेली, न विटलेली जीन्स हाही पर्याय आहे, पण काही यजमान स्मार्ट कॅज्युअलमध्ये जीन्स धरत नाहीत. चिनोबद्दल असा प्रश्न कुठेच येत नाही.

दुसरी खरेदी: बूट

तुमचे काळे फॉर्मल बूट पाहा. लेसच्या दोन्ही पट्ट्या खालच्या चामड्याखाली शिवलेल्या असतील, म्हणजे लेस बांधली की मधली फट बंद होते, तर ते ऑक्सफर्ड आहेत. ते सुटाचे बूट. पट्ट्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या असतील तर ते डर्बी, आणि ते चिनोवर चालतात. नवीन घ्यायचे तर तपकिरी रंगाचे लोफर किंवा डर्बी घ्या, स्वेडचे मिळाले तर उत्तमच. साधे, एकरंगी, चामड्याचे स्नीकर चालतात, पण ते खरोखर स्वच्छ हवेत, सोलच्या कडेसकट. रनिंग शूज नको असण्याचं कारण त्यांचा रंग नाही. जाळीदार कापड, फुगीर फोमचा तळवा आणि चमकत्या पट्ट्या यामुळे काळे असले तरी ते धावण्याचेच दिसतात.

मोजे पँटच्या रंगाला जवळचे घ्या. पांढरे खेळाचे मोजे बसल्याबरोबर दिसतात. नवीन बूट चार-पाच संध्याकाळी घरात घालून फिरा, नाहीतर समारंभात सगळं लक्ष टाचेवर राहतं.

एक प्रत्यक्ष उदाहरण

माझ्या मावसभावाला सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणाचं आमंत्रण आलं. शनिवार, संध्याकाळी सात, स्मार्ट कॅज्युअल. त्याच्याकडे राखाडी सूट, पाच ऑफिसचे शर्ट, काळे ऑक्सफर्ड, आणि बाकी सगळं धावण्याचं. त्याने आधी टायशिवाय सूट घालून पाहिला. आरशात तो मीटिंग संपवून आलेला दिसत होता. मग सुटाची पँट, पोलो आणि रनिंग शूज. ते आणखी बिघडलं, कारण पँटची घडी थेट फोमच्या तळव्यावर उतरत होती आणि नजर तिथेच अडकत होती.

आठवडा हातात होता, म्हणून आम्ही क्रमाने गेलो. निळी चिनो सोमवारी घेतली, धुतली, बुधवारी लांबी दोन सेंटिमीटर कमी करून आली. तपकिरी लोफर घरात वापरून मऊ झाले. वर त्याचाच फिकट निळा शर्ट, खोचलेला, एक बटण उघडं, बाह्या कफच्या रुंदीने दोनदा दुमडून कोपराच्या खाली. पट्टा मात्र काळा होता, आणि तो तपकिरी बुटांबरोबर सारखा टोचत होता. पँट पट्ट्याशिवाय नीट बसत होती, तरी रिकामी लुपं दिसत होती. शेवटी माझा तपकिरी पट्टा नेला. रंग बुटाशी तंतोतंत जुळत नव्हता, पण तपकिरीला तपकिरी पुरेसं असतं.

बूट घ्यायला वेळ नसता तर? मग काळे ऑक्सफर्डच घालावे लागले असते, पण गडद राखाडी किंवा गडद निळ्या पँटवर, काळ्या पट्ट्यासह. खाकीवर ते दुरूनही उपरे दिसतात.

यजमानाला काय विचारायचं

‘काय घालू?’ असं विचारलं की ‘काहीही चालेल रे’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘तू स्वतः कोट घालणार आहेस का?’ असं विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर शर्टच घाला, पोलो नको, आणि ब्लेझर म्हणून खपणारा कोट असेल तर तो बरोबर न्या. ‘नाही’ आलं तर चिनो आणि पोलो पुरेसं आहे. मावसभावाने हाच प्रश्न मेसेजवर पाठवला होता. उत्तर आलं, ‘कोट नाही, पण जीन्सही नाही.’