‘शेतक-यांना’ लिहू नका: फोनवर र्‍य, र्‍ह मोडतो तो असा

फोनवर मराठी लिहिताना सर्वांत जास्त फसगत होते ती र ला य किंवा ह जोडताना. ‘शेतकरी’ला ‘ना’ लावायला गेलं की ‘शेतकर्यांना’ उमटतं, य च्या डोक्यावर रफार चढतो. मग घाईत असलेली मंडळी मध्ये आडवी रेघ ओढून ‘शेतक-यांना’ पाठवून देतात. ही पळवाट मला अजिबात मान्य नाही. ती रेघ म्हणजे हायफन, र नव्हे.

एका स्मरणिकेची मुद्रितं माझ्याकडे होती. लेख फोनवर टाइप केलेले. मांडणी झाली तेव्हा ‘शेतक-’ ओळीच्या शेवटी आणि ‘यांना’ पुढच्या ओळीत. हायफन शोधून सरसकट बदलावा, तर ‘दोन-तीन’ आणि ‘आई-वडील’ही बिघडणार. शेवटी एकेक शब्द हाताने दुरुस्त केला. त्यातच एका लेखात ‘आचाऱ्यांचं मानधन’ हे ‘आचार्यांचं मानधन’ झालेलं सापडलं. तिथे तर रेघही नव्हती, नुसत्या रफाराने स्वयंपाकी गुरुजी झाले होते.

असं होतं कारण र चा पाय मोडून पुढे व्यंजन आलं की रफार द्यायचा, हा नियमच आहे. ‘सूर्य’साठी तो बरोबर आहे. ‘दऱ्या’ हवं असेल, ‘दर्या’ नको असेल, तर हलन्तानंतर U+200D म्हणजे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालावं लागतं. ते असलं की रफार न होता र अर्धाच राहतो.

```
र + ् + य          → र्य
र + ् + U+200D + य → र्‍य
ऱ + ् + य          → ऱ्य
```

काही कीबोर्डांवर हे चिन्ह असतं. नसेल तर मी ‘र्‍’ एकदा नीट कॉपी करून फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात शॉर्टकट म्हणून ठेवते आणि पुढे ‘या’ टाइप करते. कॉपी करताना U+200C म्हणजे नॉन-जॉइनर घेऊ नका. तेही दिसत नाही, पण त्याने जोडाक्षर तुटून र् सुटा राहतो.

काही संकेतस्थळांचे फॉर्म U+200D गाळून टाकतात आणि रफार परत येतो. म्हणून मजकूर चिकटवल्यावर तिथेच पुन्हा वाचा. तसं होत असेल तर र दाबून धरा. अनेक कीबोर्डांवर ऱ मिळतो, आणि ऱ + ् ला जॉइनर लागतच नाही. मात्र एका मजकुरात एकच पद्धत वापरा. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडेलच असं नाही.

आणि प्रत्येक तुटक्या अक्षरावर जॉइनर ओतू नका. द ला उभा दंड नाही, त्यामुळे त्याचं वेगळं अर्धं रूप नसतं. ‘उद्‍घाटन’मध्ये जॉइनर घातला तरी बहुतेक फाँटांत द् पाय मोडलेलाच दिसेल.