तक्रारीनंतर सीआर खराब झाला? दोन्हींचा संबंध तारखांनी कसा दाखवायचा

‘साहेबांनी डूख धरून माझा सीआर खराब केला.’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सरकारी कार्यालयांत हे वाक्य नेहमी कानावर येतं. सीआर म्हणजे वरिष्ठाने कर्मचाऱ्याबद्दल लिहिलेला वार्षिक गोपनीय अहवाल. काही वेळा ते खरंही असतं. पण निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वाक्याचा उपयोग नसतो. तो तीन गोष्टी पाहतो. तक्रार आधी झाली की गुण आधी कमी झाले? गुण देणाऱ्याला तक्रारीची माहिती होती का? आणि गुण उतरायला दुसरं काही कारण होतं का? तिन्हींची उत्तरं तारीख असलेल्या कागदांतूनच मिळतात.

हा लेख केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. आपण अजून ‘सीआर’ म्हणत असलो तरी त्यांच्याकडे त्याचं नाव आता एपीएआर, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल, असं आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. खानापूरहून रोज बेळगावला येणाऱ्या एक वरिष्ठ लिपिक. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या नोकरीला वीस वर्षं होणार, म्हणजे एमएसीपीचा, ठराविक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनपातळीचा, दुसरा टप्पा मिळायचा. त्यासाठी अलीकडच्या वर्षांत ‘व्हेरी गुड’ शेरा लागतो, म्हणजे दहापैकी किमान ६ गुण. २०२३-२४ मध्ये त्यांना ७.५० होते. २०२४-२५ मध्ये ५.५२ मिळाले. दोन्ही वर्षी रिपोर्टिंग ऑफिसर, म्हणजे गुण देणारे साहेब, एकच.

वही त्याच दिवशी लिहायची

सुरुवात साध्या वहीपासून होते. सुट्या पानांची नको, शिवलेली घ्या आणि पहिल्याच दिवशी पानांवर आकडे घाला. नोंद लहान असली तरी चालते. या बाईंची एक नोंद अशी होती: ‘२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार, सकाळी ११.२०. साहेबांच्या टेबलासमोर. “तुला फाईल लिहिता येत नाही, इथे झाडू मारायला ये.” शेजारच्या सेक्शनचे दोघे उभे होते. फाईल ट्रान्सपोर्ट बिलांची. त्याच दिवशी ४ वाजता कुठलीही दुरुस्ती न करता सही झाली.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. अपमान झाला हे सांगणं एक, आणि ज्या कामावरून तो झाला ते काम तसंच मंजूर झालं हे दाखवणं वेगळं. ‘फार छळलं’, ‘मुद्दाम त्रास देतात’ असले शब्द वहीत आले की ती कैफियत वाटायला लागते. बोललेले शब्द, वेळ, जागा, हजर माणसं आणि कामाचं पुढे काय झालं, एवढंच लिहा.

एखादी घटना लिहायची राहून गेली तर ती नंतर लिहायला हरकत नाही, मात्र दोन्ही तारखा घाला: ‘घटना २ ऑगस्टची, लिहिली १० ऑगस्टला.’ मागचे सहा महिने एका बैठकीत एकाच पेनाने लिहून काढलेली वही पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, आणि मग त्यातल्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेले संदेश पुसू नका आणि तो फोन विकू नका. निवेदनाला तारीख दिसणारा स्क्रीनशॉट जोडला की सहसा भागतं, पण प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असावा लागतो. कार्यालयाच्या फाइलींचे फोटो काढून घरी नेऊ नका. त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. फाईल क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा, कागद पुढे माहिती अधिकारात मागता येतो.

तक्रार गुण मिळण्याआधी, आणि शिक्क्यासकट

अनेकांचं इथेच चुकतं. वर्षभर सोसतात, गुण कमी आले की मग छळाची तक्रार करतात. तेव्हा समोरचा म्हणतो, ‘गुण कमी मिळाले म्हणून तक्रार सुचली.’ याला खोडून काढणं फार अवघड जातं. वही मदत करते, पण वही तुमच्याच हातची असते. तक्रारीवरचा आवक शिक्का कार्यालयाचा असतो, म्हणून त्याचं वजन जास्त.

आपल्या उदाहरणातल्या बाईंनी ९ सप्टेंबर २०२४ ला कार्यालयप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर, तारीख आणि शिक्का घेतला. इनवर्डचा माणूस शिक्का द्यायला कां-कू करत असेल तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती तक्रारीच्या प्रतीला टाचून ठेवा.

छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर वाट वेगळी आहे. ती तक्रार अंतर्गत समितीकडे करायची, साधारणपणे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

साहेबांना माहीत होतं, हे कशावरून?

संबंध दाखवण्यातली ही सगळ्यात नाजूक कडी. तक्रार ९ सप्टेंबरची आणि कमी गुण जूनचे, एवढ्यावर भागत नाही. ‘मला तक्रारीचं काही ठाऊकच नव्हतं’ असं रिपोर्टिंग ऑफिसर म्हणाला तर साखळी तिथेच तुटते.

त्यासाठी माहिती अधिकारात स्वतःच्या तक्रारीची फाईल मागायची: तिच्यावरची टिपणं, ती कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या तारखा, आणि तिच्यावर कुणाचा खुलासा मागवला ते पत्र. केंद्रीय कार्यालयासाठी फी १० रुपये, अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. बाईंना मिळालेल्या कागदांत १८ सप्टेंबर २०२४ चं एक पत्र होतं. कार्यालयप्रमुखांनी त्याच साहेबांकडून खुलासा मागवला होता आणि पोच म्हणून खाली त्यांची सही होती. सगळं प्रकरण या एका सहीवर उभं राहिलं. त्यानंतर ३ ऑक्टोबरला बाईंचं टेबल बदलल्याचा आदेश निघाला, त्याचीही प्रत मिळाली.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या भागात यावरून गोंधळ होतो. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो आणि इथली राजभाषा कन्नड आहे. मराठीत केला तर परत येऊ शकतो. गाऱ्हाण्याच्या निवेदनाचं मात्र तसं नाही. संविधानाच्या कलम ३५० नुसार ते संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. तरी माझा सल्ला असा की मराठी निवेदनाला इंग्रजी प्रत जोडा. वाचणारा अधिकारी बदलून दुसऱ्या राज्यातून आलेला असू शकतो. आणि वहीतले शब्द ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत ठेवा. कन्नडमध्ये बोलले असतील तर कन्नडच लिहा आणि खाली अर्थ द्या.

दुसऱ्या कर्मचाऱ्यांचे एपीएआर मागू नका. ती त्यांची वैयक्तिक माहिती धरली जाते आणि असा अर्ज फेटाळला जातो.

गुण फोडून पाहा

एपीएआरमध्ये कामाच्या भागाला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यक्षमतेला ३० टक्के वजन असतं. एकूण आकड्यावर नुसतं रडून काही हाती लागत नाही, तो फोडावा लागतो. बाईंना २०२३-२४ मध्ये कामात ७.५, वैयक्तिक गुणांत ७.६ आणि कार्यक्षमतेत ७.४ होते. २०२४-२५ मध्ये तेच ७.२, ४.० आणि ४.८ झाले. वजन लावून पाहिलं तर एकूण घसरण १.९८, आणि त्यात कामाच्या भागाचा वाटा फक्त ०.१२. बाकी सगळी घट ‘संघभावना’, ‘वागणूक’, ‘शिस्त’ अशा रकान्यांत आहे.

म्हणजे काम तेवढंच आणि जवळपास तसंच, पण माणूस अचानक वाईट झाला. हे का झालं याचं उत्तर आता साहेबांनी द्यायचं. त्याच वर्षी मेमो किंवा लेखी ताकीद एकही नसेल तर तेही निवेदनात लिहा. कर्मचाऱ्याने भरलेल्या स्वयंमूल्यांकनाशी आपण सहमत आहोत की नाही हे रिपोर्टिंग ऑफिसरला लिहावं लागतं. तिथे ‘सहमत’ लिहून पुढे ४ गुण दिले असतील तर ती ओळ अधोरेखित करा. म्हणूनच एप्रिलमध्ये स्वयंमूल्यांकन घाईत भरू नका. निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या आणि तारखा त्यात घालाच.

उलट बाजूही प्रामाणिकपणे तपासा. कामाच्या भागाचेच गुण पडले असतील, वर्षात लेखी ताकीद मिळाली असेल, किंवा या वर्षी गुण देणारा अधिकारीच नवा असेल, तर संबंध दाखवणं कठीण जाईल. त्या गोष्टी लपवू नका, त्यांचं उत्तर निवेदनातच द्या.

पंधरा दिवस

देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चांगली असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. एपीएआर हातात पडल्यापासून निवेदनासाठी १५ दिवस मिळतात. बाईंना तो २५ ऑगस्ट २०२५ ला मिळाला. गणपती दोन दिवसांवर! घरात आरास, पाहुणे, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आणि मुदत ९ सप्टेंबरला संपणार. मोदकांचं सारण परतता परतता त्यांनी मुद्दे काढले आणि ४ सप्टेंबरला इनवर्डचा शिक्का घेतला. एपीएआर घेताना सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घाला. मुदत तिथूनच मोजली जाते.

निवेदन दोन पानांपेक्षा मोठं नको. पहिल्या पानावर तारखांचा क्रम: मागच्या वर्षाचे गुण, २२ ऑगस्टची घटना, ९ सप्टेंबरची तक्रार, १८ सप्टेंबरचं सही असलेलं पत्र, ३ ऑक्टोबरचा आदेश, नवे गुण. प्रत्येक ओळीसमोर जोडपत्राचा क्रमांक. दुसऱ्या पानावर गुणांची फोड आणि नेमकी मागणी: कोणत्या रकान्याचे गुण किती करावेत. ‘न्याय मिळावा’ एवढंच लिहिलं तर अधिकाऱ्याने नेमकं काय बदलायचं हे त्याला कळत नाही.

निर्णय ३० दिवसांत आणि कारणांसह यायला हवा. ‘विचार करून फेटाळले’ एवढंच एका ओळीत आलं तर कारणं दिलेली नाहीत हाच पुढचा मुद्दा होतो. पुढची पायरी बेंगळूरचं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, अंतिम आदेशापासून एका वर्षात. काहीच उत्तर आलं नाही तर निवेदनापासून सहा महिने थांबायचं आणि त्यापुढे एक वर्ष मिळतं. कर्नाटक राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी राज्य न्यायाधिकरण आहे आणि त्याचं पीठ बेळगावातच आहे. त्यांचे मूल्यमापनाचे नियम आणि मुदती वेगळ्या आहेत, त्या आपल्या आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. उद्यमबागेतल्या खासगी कारखान्यात यातली न्यायाधिकरणाची वाट नाही. पण वही, शिक्क्याची तक्रार, माहिती असल्याची सही आणि गुणांची फोड ही साखळी कंपनीच्या अपिलातही तशीच मांडायची. तिथे तक्रार ईमेलने करा, म्हणजे पाठवल्याची तारीख आपोआप नोंदली जाते.