रविवारी वटलेला चेक

कर्जाच्या फाईलला जोडलेलं स्टेटमेंट खोटं असल्याची शंका तारखांवरूनही येते. कोल्हापुरातल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये १० मार्च २०२४ ला क्लिअरिंगचा १,८५,००० रुपयांचा चेक जमा दिसला. तो रविवार होता!

१. एक्सेलमध्ये तारखेशेजारी `=WEEKDAY(A2)` टाका. 1 आला तर रविवार, 7 आला तर शनिवार.
२. शनिवारांपैकी ८ ते १४ आणि २२ ते २८ तारखांचे वेगळे काढा. ते दुसरे-चौथे, म्हणजे बँक बंद.
३. त्या ओळींत चेक क्लिअरिंग किंवा काउंटरवरचा रोख भरणा असेल, तर स्टेटमेंट थेट बँकेकडून पडताळून घ्या.

मात्र यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी आणि एटीएमचे व्यवहार सुट्टीतही होतात. त्यावरून कुणाची फाईल अडवू नका.