‘फ्रॅक्चर नाही’ सांगून घरी पाठवलेल्या आजी आणि तो लेसर ट्रोकॅन्टर

कॅज्युअल्टीत नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. पाय आखूड झालाय, पाऊल बाहेर वळलंय, पेशंट ओरडतोय, असं फ्रॅक्चर नेक फिमर तुम्ही इंटर्नशिपमध्ये पाहिलेलं असणारच आणि ते कुणाकडून चुकत नाही. चुकतं ते दुसरं, जे चालत येतं.

माझ्या पेशंट आजी ७६ वर्षांच्या. संध्याकाळी बाथरूममध्ये घसरल्या, रात्री साडेदहाला मुलाचा हात धरून लंगडत लंगडत आल्या, आणि दुखतंय कुठे विचारलं तर हात ठेवला गुडघ्यावर. "इथं कळ येते गं बाई." गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, सूज नाही काही नाही. (खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, दोन्ही सांध्यांना ऑब्च्युरेटर नर्व्हच्या फांद्या जातात, हे मला एमबीबीएसला पाठ होतं. रात्री साडेदहाला आठवलं नाही.) तरी गुडघ्यासोबत पेल्व्हिसचाही एक एपी काढायला सांगितला, एवढंच काय ते शहाणपण.

फिल्म आली. शेंटन लाइन दोन्हीकडे छान गोल, पाय आखूड नाही, कुठे काळी रेघ नाही. मोबाईलवर फोटो काढून सीनियरला पाठवला, दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘ठीक वाटतंय, पेनकिलर दे’. मी केसपेपरवर ‘मुका मार’ लिहिलं, गोळ्या दिल्या, आजी चालत घरी गेल्या.

सहाव्या दिवशी आजी स्ट्रेचरवर आल्या. पहाटे लघवीला उठताना कट्कन आवाज झाला आणि पाय टेकवेना. आता पाय आखूड, पाऊल बाहेर, फिल्मवर पूर्ण सरकलेलं फ्रॅक्चर. पहिल्या रात्री जे तीन स्क्रूंवर, छोट्या छेदातून निभावलं असतं, त्याला आता बायपोलर लागलं. हेड सरकलं की नेकवरून हेडकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या-तुटल्या जातात, हेड मरायची भीती वाढते, म्हणून या वयात ते काढूनच टाकतात. स्क्रू घालूनही कधीकधी सरकतं, मान्य, पण मी त्यांना ती संधीच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्थोच्या सरांनी माझी जुनी फिल्म लावली. ओरडले नाहीत. म्हणाले, "यात मला नेक दाखव." मी बोट ठेवलं. "ती नेक नाही. तो नेकवर येऊन बसलेला ग्रेटर ट्रोकॅन्टर आहे. नेक या फिल्ममध्ये दिसतच नाहीये आणि तू ती नॉर्मल म्हणून सोडलीस."

हे नीट समजून घ्या, मी दोनदा सांगितलं तरी चालेल. फिमरची नेक सरळ आडवी नसते, साधारण १५ अंश पुढे झुकलेली असते. पेशंट उताणा झोपला की पावलं आपोआप बाहेर पडतात, दुखरा पाय तर हमखास, आणि मग नेक ट्यूबच्या दिशेला तोंड करते. एक पेन डोळ्यांसमोर आडवं धरा, पूर्ण लांबी दिसते, मधला ओरखडाही दिसतो. आता त्याचं टोक हळूहळू स्वतःकडे वळवत न्या. पेन आखूड होत जातं, ओरखडा तिथेच असतो, दिसत मात्र नाही. एपी काढताना दोन्ही पाय १५ अंश आत वळवतात, अंगठे एकमेकांकडे, ते याचसाठी, पेन परत आडवं करायला.

आणि पाय वळवला होता की नाही हे फिल्मच सांगते. लेसर ट्रोकॅन्टर बघा. पाय नीट आत वळलेला असेल तर तो शाफ्टच्या आतल्या कडेमागे जवळजवळ लपतो, एखादं टोक दिसलं तर दिसलं. चांगला ठसठशीत, पूर्ण बाहेर आलेला दिसला तर पाय बाहेर वळलेला आहे. माझ्या आजींच्या दुखऱ्या बाजूला तो अख्खा दिसत होता, चांगल्या बाजूला नखाएवढा. इतका फरक, आणि मी शेंटन लाइन बघत बसले होते. म्हणून आता फ्रॅक्चर शोधायच्या आधी मी दोन्हीकडचा लेसर ट्रोकॅन्टर बघते. तो मोठा असेल तर ती फिल्म नॉर्मल नाही आणि अ‍ॅबनॉर्मलही नाही, ती पुन्हा काढायची आहे.

पाय वळवताना जबरदस्ती नको हं. उघड सरकलेलं फ्रॅक्चर असेल तर हातही लावू नका. बाकीच्यांत हळूच वळवून बघा, आणि जांघेत कळ आल्यामुळे वळवूच देत नसेल तर तेच तुमचं उत्तर समजा. मग क्रॉस-टेबल लॅटरल मागा: चांगला पाय वर उचलून धरायचा, बीम जांघेतून आडवा. टेक्निशियन कुरकुर करतील, करू द्या. तसं पाहिलं तर पोझिशनबद्दल मला सीनियरपेक्षा आमच्या नाइटच्या टेक्निशियन काकांनीच जास्त शिकवलं.

चांगल्या फिल्ममध्ये शोधायचं काय? काळी रेघ नाही. रुतलेल्या फ्रॅक्चरमध्ये हाडात हाड घुसतं, त्यामुळे हेडच्या खाली पांढुरका पट्टा दिसतो. हेडच्या वरच्या कडेवरून नेककडे बोट फिरवत उतरा, गुळगुळीत वळण हवं, तिथे पायरी किंवा खाच लागली तर थांबा. म्हातारपणी हेडभोवती ऑस्टिओफाइटची कडा असते, तीही पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसते आणि फसवते, म्हणून दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. आणि हे सगळं मोबाईलवरच्या फोटोत दिसत नाही. ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मच्या फोटोवर कुणी ‘ठीक’ म्हटलं तर ते फोटोबद्दल आहे, हाडाबद्दल नाही, हे माझं ठाम मत आहे, सीनियर रागावले तरी.

घाबरू नका, फिल्म वाचणं जमतं हळूहळू. पण सगळं नीट करूनही काही फ्रॅक्चर एक्स-रेत दिसतच नाहीत. चार महिन्यांनी एक आजोबा आले, ८१ वर्षांचे, खाटेवरून पडलेले. टाच हलकी ठोकली की जांघेत कळ, गुडघा सरळ ठेवून पाय उचलता येईना. फिल्म अगदी नियमाने काढलेली, लेसर ट्रोकॅन्टर लपलेला, प्युबिक रॅमस ठीक, कुठे पायरी नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, एक्स-रे नॉर्मल आहे ना, मग एमआरआयचा खर्च कशाला?" मी म्हटलं, दुखणं नॉर्मल नाहीये. भरती केलं, पाय टेकू दिला नाही. रेडिऑलॉजिस्टला विनंती केली की पूर्ण तपासणी नको, खुब्याचे फक्त कोरोनल टी१ आणि स्टर करा. टी१ वर नेकमधून आरपार काळी रेघ होती. दुसऱ्या दिवशी तीन स्क्रू.

एमआरआय नसेल, किंवा पेसमेकर असेल, तर सीटी करा. सीटीतही एखादं सुटू शकतं, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. दोन्ही नसेल तर पाय टेकवू न देता मोठ्या ठिकाणी पाठवा. ‘दहा दिवसांनी परत एक्स-रे काढू’ हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. रेघ तोवर दिसू लागते, खरंय, पण पेशंट त्या दहा दिवसांत चालत असतो.

माझ्या रिक्वेस्टवर आता एवढंच असतं: दोन्ही हिप एपी, पाय १५ अंश आत, दुखऱ्या बाजूचा क्रॉस-टेबल लॅटरल, ‘पडल्यावर जांघेत दुखणं, नेक फिमर बघणे’. काका फिल्म देताना स्वतःच म्हणतात, "मॅडम, लेसर लपलाय, बघून घ्या."