नाकातलं 'मांस' वाढलं असं वाटतंय? या चुका टाळा

नाक चोंदलं की अनेकजण आरशापुढे उभं राहून टॉर्चने आत बघतात. बाजूच्या भिंतीवर गुलाबी फुगवटा दिसला की घाबरतात, 'मांस वाढलंय' म्हणतात. बहुतेक वेळा ते खालचं टर्बिनेट असतं आणि ते प्रत्येकाला जन्मापासून असतं.

नाकाच्या प्रत्येक बाजूला अशी साधारण तीन टर्बिनेट्स असतात. आत पातळ हाड आणि त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेलं ओलसर अस्तर. त्यांच्यामुळे हवेला अरुंद फटींतून जावं लागतं, त्यामुळे ती अस्तराला घासत जाते. रक्ताची ऊब तिला मिळते, अस्तरातलं पाणी मिळतं आणि धूळ चिकट शेंबडात अडकते. तो शेंबूड बारीक केसांसारखे तंतू घशाकडे ढकलतात आणि आपण तो नकळत गिळतो. घशाशी पोहोचेपर्यंत हवा शरीराच्या तापमानाजवळ आलेली आणि जवळजवळ पूर्ण दमट झालेली असते.

टर्बिनेट्स रक्ताने भरतात आणि ओसरतात, तेही आळीपाळीने. काही तास डावी बाजू चोंदते, मग उजवी. कुशीवर झोपलात तर खालची बाजू जास्त भरते. हा आजार नाही, त्यावर औषध नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र थेंबांची. घोडबंदर रोडला राहणारा आणि ऐरोलीच्या एसी ऑफिसात दिवस काढणारा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावरची धूळ आणि एसीची कोरडी हवा यांनी नाक चोंदलं, म्हणून त्याने केमिस्टकडून झायलोमेटाझोलिनचे थेंब आणले. काही मिनिटांत नाक मोकळं, कारण थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात. पण असर उतरला की त्या पुन्हा फुगतात आणि रोज वापरत राहिल्यास आधीपेक्षा जास्त. मग थेंब दिवसातून दोनदाचे चारदा होतात आणि चोंदण्याचं कारण आता थेंबच असतात. ओळखायची खूण सोपी: थेंब घेतल्यावरच नाक उघडतं आणि त्यांचा असर दर वेळी कमी वेळ टिकतो. असे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. सवय लागली असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करतात, ती सावरली की दुसरीतले. सोबत बहुधा स्टेरॉइड स्प्रे देतात. त्याची नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखाने धरा. पडद्यावर मारत राहिलात तर रक्त येतं.

'सगळं कापूनच टाका' असा आग्रहही धरू नका. टर्बिनेट खरंच फार वाढलेलं असेल तर सर्जन ते लहान करतात, मुळासकट काढत नाहीत. फार काढलं तर नाक आतून मोकळं असूनही कोरडं पडतं, खपल्या धरतात आणि काहींना हवा जातच नाही असं वाटत राहतं.

एकच बाजू कायम बंद असेल, रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, किंवा आत करडा, चकचकीत द्राक्षासारखा गोळा दिसत असेल, तर मात्र थेंबांचा नाद सोडून लगेच तपासून घ्या.