साप्ताहिक रिपोर्ट मेल: प्रायमरीचा आकडा चांगला दिसला, तरी क्लोजिंग स्टॉक लिहाच

नवीन रिजनल मॅनेजर हेड ऑफिसच्या मेलमध्ये पहिल्या ओळीत टार्गेटची टक्केवारी टाकतो आणि तिथेच फसतो. ती टक्केवारी प्रायमरीची असते, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला केलेल्या बिलिंगची. माल दुकानांत गेला की गोडाउनमध्ये पडून आहे, हे त्यातून कळत नाही.

समजा महिन्याचं टार्गेट 4,000 पेट्या आहे आणि 24 कामाच्या दिवसांपैकी 18 झालेत. प्रायमरी 3,000, म्हणजे 75 टक्के. वेळही 75 टक्के गेली, म्हणून सगळं जागेवर वाटतं. पण सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरांनी दुकानांना केलेली विक्री, फक्त 2,100 आहे. महिन्याच्या सुरुवातीला डिस्ट्रिब्युटरांकडचा स्टॉक 1,200 होता. 1,200 अधिक 3,000 वजा 2,100, म्हणजे क्लोजिंग स्टॉक 2,100. रोजची सेकंडरी सुमारे 117 पेट्या, म्हणजे हा 18 दिवसांचा माल झाला. महिना सुरू होताना तो जेमतेम 10 दिवसांचा होता. आता उरलेल्या 1,000 पेट्या रेटून टार्गेट गाठलं, तर सेकंडरीच्या याच वेगाने महिनाअखेर 2,400 पेट्या पडून राहतील. पुढच्या महिन्यात डिस्ट्रिब्युटर ऑर्डर कापतील, पेमेंट लांबवतील आणि तेव्हा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

म्हणून प्रायमरी, सेकंडरी आणि स्टॉकचे दिवस एकाच ओळीत लिहा. हा हिशेब करण्याआधी एक गोष्ट तपासा: सगळ्या डिस्ट्रिब्युटरांची सेकंडरी आली आहे का? 14 पैकी 3 जणांची आली नसेल आणि शीटने ती शून्य धरली असेल, तर स्टॉक उगाच फुगलेला दिसतो. त्या तिघांना प्रायमरी, स्टॉक, सेकंडरी सगळीकडून बाजूला काढा आणि मेलमध्ये ‘14 पैकी 11 डिस्ट्रिब्युटर, शनिवार संध्याकाळपर्यंत’ असं स्पष्ट लिहा. मागच्या आठवड्याच्या मेलवर नुसते आकडे बदलणारे नेमके इथेच चुकतात. जुनी तारीख तशीच राहते.

‘मार्केट स्लो आहे’ ही रिस्क नव्हे. कोणत्या पॅकचा माल अडकलाय, किती, कोणाकडे आणि कधीपर्यंत निघेल, एवढं हवं. सपोर्टची मागणीही तशीच करा: ‘मोठ्या पॅकवर रिटेलर स्कीम हवी, गुरुवारपर्यंत मंजुरी द्या. उशीर झाला तर या महिन्यातले उरलेले दिवस हातचे जातील.’ ही मागणी आकड्यांच्या खाली दडवू नका. सब्जेक्टमध्ये ‘गुरुवारपर्यंत निर्णय हवा’ असं घाला, कारण वरचे लोक मेल बहुधा मोबाइलवर उघडतात आणि खालपर्यंत जातीलच असं नाही.

‘वाईट बातमी महिनाअखेरपर्यंत दाबून ठेव’ असा सल्ला देणारे सिनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. तिसऱ्या आठवड्यात कळलं तर स्कीम हलवता येते, प्रायमरी थोडी रोखता येते. 30 तारखेला हेड ऑफिसच्या हातात काही नसतं. सुरुवातीला या मेलला अख्खी सकाळ जाते, त्याने घाबरू नका. डिस्ट्रिब्युटरांकडून शनिवारीच क्लोजिंग मागवायची सवय लागली की बराचसा वेळ वाचतो.