द्राक्षाचा कंटेनर पाठवताय? या चुका टाळा

दर सीझनला नवीन ट्रेनी येतात आणि पहिल्या दिवसापासून ट्रॅकिंग उघडून बसतात, जहाज कुठे पोचलं, रॉटरडॅमला कधी लागणार वगैरे. पण त्या पेट्यांमधली द्राक्षं निफाडच्या कुठल्या प्लॉटमधली, सकाळी किती वाजता तोडली, हे विचारलं की सगळे गप्प. माल बिघडतो तो बहुतेक वेळा न्हावा शेवा बंदराच्या अलीकडेच, समुद्रात फक्त दिसायला लागतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे माल गार करायच्या प्रीकूलिंग खोलीच्या डिस्प्लेवर शून्य दिसलं की माल गार झाला असं धरून चालणं. अरे, ते हवेचं तापमान आहे, मण्याचं नाही.

एका सीझनला आमच्या एका कंटेनरची तक्रार आली, मणी देठाजवळ पांढरे पडलेत आणि काही पेट्यांत बुरशी. कंटेनरमधला तापमान नोंदवणारा लॉगर बघितला तर प्रवासभर तापमान एकदम व्यवस्थित, त्यामुळे सगळे शिपिंग लाइनला शिव्या घालायला लागले. मग पॅलेट नंबर घेऊन उलटं मागे गेलो. खराब माल सगळा शेवटच्या दोन पॅलेटमधला निघाला, आणि प्रीकूलिंगच्या रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे मण्याचं तापमान ९ लिहिलेलं! गाडी गेटवर उभी होती म्हणून सुपरवायझरने घाई केली. गरम मालावर बुरशी रोखणारा गॅस सोडणारं सल्फरचं पॅड ठेवून पेटीतलं प्लास्टिकचं लायनर बंद केलं की आत पाणी सुटतं, पाण्याने पॅडमधला गॅस एकदम बाहेर पडतो, मणी भाजतात आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत बुरशी रोखायला गॅस उरतच नाही. आणि रीफर, म्हणजे थंड कंटेनर, ते सावरेल ही आशा सोडा, रीफर गार माल गार ठेवतो, गरम माल गार करायला तो बनवलेलाच नाही.

माझी सवय सांगतो. प्रोब थर्मामीटर कायम खिशात असतो, पॅलेटच्या मधल्या पेटीतला मणी टोचून बघायचा, कडेचा नाही, कारण कडेचा लवकर गार होतो. ४ च्या खाली आला की मगच पॅड. गाडी थांबली तर थांबू दे, मला काही फरक पडत नाही.

दुसरं, क्रेट कमी पडले म्हणून दोन प्लॉटचा माल एकत्र करू नका. रेसिड्यूचा, म्हणजे फवारलेल्या औषधांच्या अंशांचा, रिपोर्ट प्लॉटचा असतो, २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. लॉट मिसळला की कुणाची बाग दोषी हे सापडत नाही आणि अख्खा माल अडकतो.

तोडलेले क्रेट उन्हात ठेवू नका.

लेबल पॅकिंग चालू असतानाच लावा, संध्याकाळी आठवून लावलेली लेबलं मी सरळ फाडायला लावतो, पेट्या परत उघडाव्या लागल्या तरी चालेल.